बॅकग्राउंड बदललं तरी गॉगलमध्ये जुनंच दिसतंय. फोटोशॉपमध्ये गॉगलमधलं, भिंतीवरच्या आरशातलं प्रतिबिंब कसं बदलायचं?

आधी एक सांगतो: नवीन बॅकग्राउंड उलटं करून गॉगलमध्ये चिकटवू नका. गॉगलमध्ये माणसाच्या मागचं दिसत नाही, त्याच्या समोरचं दिसतं. म्हणजे कॅमेऱ्यामागे जे असेल ते.

यावरून माझं एका स्टुडिओच्या शेठशी भांडण झालं होतं. तेव्हा मी अल्बम डिझाइनला होतो. प्रीवेडिंगचं शूट झालेलं लॉजच्या गच्चीवर, पार्टीला हवा होता कोकणातला सूर्यास्त. मागे समुद्र आणि मावळता सूर्य मी व्यवस्थित बसवला. पण नवऱ्या मुलाच्या मर्क्युरी गॉगलमध्ये पाण्याची काळी टाकी, वाळत घातलेल्या चादरी आणि पांढरा रिफ्लेक्टर धरलेला पोरगा, सगळं स्वच्छ दिसत होतं. शेठ म्हणाले, "त्यातपण समुद्रच टाक, लोकांना कळलं पाहिजे." मी म्हटलं, शेठ, समुद्र त्याच्या पाठीला आहे, समोर वाळू आणि सुरूचं बन येईल. तर म्हणे, "तू डिझायनर आहेस की मास्तर?" टाकला समुद्र, सूर्यासकट. अल्बम घरी गेला आणि नवरीच्या मामांनी पहिल्याच पानावर विचारलं, दोन सूर्य कसे काय? शिव्या मला बसल्या.

तर आता करायचं कसं. पेन टूलने काच अचूक निवडा आणि मूळ चमक, म्हणजे फ्रेमच्या कडेची पांढरी रेघ वगैरे, वेगळ्या लेयरवर काढून ठेवा. ती शेवटी सगळ्यात वर परत येते. ती गेली की काच कागदासारखी दिसते. मग जुनं प्रतिबिंब पुसून काचेच्याच दोन रंगांचा वरून खाली ग्रेडियंट भरा.

त्यात टाकायचा फोटो समुद्राकडे पाठ करून काढलेला हवा. माझ्या केसमध्ये सूर्य मागे होता, म्हणून गॉगलमध्ये पूर्वेचं फिकट निळं आभाळ, उन्हाने सोनेरी झालेली वाळू आणि झाडं हवी होती. काच फुगीर असल्यामुळे तिच्यात खूप मोठा पसारा मावतो, त्यामुळे साध्या लेन्सचा फोटो कमी पडतो. मोबाइलच्या 0.5 कॅमेऱ्याने काढलेला चालतो. तो `Edit > Transform > Flip Horizontal` ने उलटा करा, मग `Filter > Distort > Spherize` ने थोडा फुगवा, म्हणजे कडेच्या गोष्टी दाबल्या जातात. गॉगलची काच गालाकडे किंचित झुकलेली असते, त्यामुळे चेहरा सरळ असेल तर क्षितिज काचेच्या मध्याच्या जरा वर येतं. दोन्ही काचांत तोच तुकडा जसाच्या तसा ठेवला की लगेच पकडला जातो. प्रत्येक काच बाहेरच्या बाजूला थोडी वळलेली असते, म्हणून एकात डावीकडचं आणि दुसरीत उजवीकडचं जरा जास्त येऊ द्या.

मर्क्युरी काच असेल तर प्रतिबिंबाला काचेचा रंग चढवून `Normal` वर ठेवा. साधी काळी काच फार थोडा उजेड परतवते, तिच्यात आभाळ आणि उजळ वाळू एवढंच उमटतं. तिथे `Screen` आणि कमी अपॅसिटी.

शेठची दुसरी हौस म्हणजे मागचा समुद्र ब्लर आहे म्हणून गॉगलमधलाही ब्लर करायचा. चूक! फुगीर काचेतलं दूरच्या वस्तूंचं प्रतिबिंब काचेच्या तीन-चार सेंटिमीटर मागेच तयार होतं. चेहरा फोकसमध्ये असेल तर तेही जवळपास फोकसमध्येच असतं.

सपाट आरशाचं मात्र उलट आहे. तिथे वस्तू आरशापासून जितकी समोर, तितकीच आत दिसते. कॅमेरा ते आरसा आणि आरसा ते वस्तू अशी दोन्ही अंतरं मिळून फोकस ठरतो, म्हणून खोलीतलं लांबचं सामान आरशात ब्लरच हवं. भिंतींच्या रेषांचा कोन आरशाच्या चौकटीवरून जुळवावा लागतो, त्यात मीही अजून चुकतो.

आणि हो, अल्बमच्या 12 बाय 36 इंचांच्या पानावर जोडपं पूर्ण उभं असेल तर गॉगल नखाएवढा येतो. तिथे एवढी मेहनत घेऊ नका, जुनं पुसून ग्रेडियंट ठेवा, बास. फुगीर काचेत मध्याच्या जरा वर, नाकाच्या बाजूला, फोटोग्राफरचा छोटा काळा ठिपका मी अजून मुद्दाम ठेवतो. चेहरा कॅमेऱ्याकडे असेल तर तो खऱ्या फोटोत असतोच. शेठ असते तर म्हणाले असते, काढ तो डाग.