६०० नग सहा दिवसांत मागितले, तेव्हाची गोष्ट

प्रश्न: मुलाखतीत विचारतात, “डेडलाइन अशक्य होती आणि तुम्ही तसं सांगितलं, तरी टीमला मदत केली, असा प्रसंग सांगा.” काय सांगायचं?

उत्तर:
मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये प्लॅनिंगला होतो, तेव्हाचाच प्रसंग मी सांगतो. सोमवारी सकाळी साहेबांनी ग्राहकाला फोनवर शब्द दिला, शनिवारपर्यंत ६०० फ्लँज, म्हणजे मधे भोक असलेल्या जोडणीच्या चकत्या. मी तिथे सगळ्यांसमोर काहीच बोललो नाही. कागदावर हिशोब मांडला आणि केबिनमध्ये गेलो.

एका नगाला लोडिंग धरून १२ मिनिटं. जेवण, चहा, धातू कापणारं इन्सर्ट बदलणं वजा जाता आठ तासांच्या पाळीत ४२० मिनिटं हातात, म्हणजे ३५ नग. दोन पाळ्यांत ७०. प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, बाहेरून होतं, त्याला दोन दिवस. म्हणजे मशीनला फक्त चारच दिवस, २८० नग. तिसरी पाळी लावली तरी ४२०.

नुसतं “होणार नाही” म्हणालो असतो, तर साहेब चिडले असते. मी विचारलं, “ग्राहकाच्या असेंब्लीला रोज किती लागतात, विचारू का?” उत्तर आलं, ६०. मग मार्ग निघाला: शनिवारी २८०, पुढच्या मंगळवारी १४०, शुक्रवारी उरलेले १८०. त्यांची लाइन कुठेच थांबत नव्हती. साहेबांनी स्वतः फोन करून तसं कळवलं.

मदतीचा भाग मुलाखतीत बहुतेक जण एका वाक्यात उरकतात, तिथे थांबून सांगा. चारही दिवस मी दुसऱ्या पाळीला थांबून नगाच्या मधल्या भोकाची, म्हणजे बोअरची, गेजने तपासणी केली, म्हणजे ऑपरेटरला मशीन सोडून उठावं लागू नये. बुधवारी रात्री इन्सर्ट झिजून बोअर लहान यायला लागला. ऑपरेटरने ऑफसेट दिला, म्हणजे मशीनवर कापण्याचं माप वाढवलं, तो जास्त पडला आणि आठ नग ओव्हरसाइज गेले. गेज सैल बसतोय हे हातालाच कळलं, तसं मशीन थांबवलं. लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला नग स्क्रॅपच. गुरुवारी प्लेटिंगला नग पाठवतानाच ग्राहकाला सांगितलं, शनिवारी २७२ येतील. शनिवारपर्यंत लपवलं असतं, तर पुढच्या तारखांवरही त्यांनी विश्वास ठेवला नसता.

पुढचा प्रश्न हमखास येतो: साहेबांनी ऐकलंच नसतं तर? मी खरं तेच सांगतो. हिशोब मेलवर लिहून दिला असता आणि जमतील तेवढे नग काढले असते, पण न तपासलेल्या नगाच्या रिपोर्टवर सही केली नसती. साहेबांविषयी तक्रारीचा सूर मात्र लावू नका. त्यांनी शब्द दिला, कारण ऑर्डर जायची भीती होती, आणि ती भीती खरीच होती. हे वाक्यही मी उत्तरात घालतो.

तुमच्याकडे मशीन शॉप नसेल तर तुमच्या कामातले आकडे घ्या. एका कामाला किती वेळ, हातात किती वेळ, समोरच्याला नेमकं कधी किती हवं, एवढे तीन आकडे खरे आठवत असतील तोच प्रसंग निवडा.