ओलं सरपण इतकं का धुमसतं?

प्रश्न: चुलीत बाभळीची ओली लाकडं घातली की घरभर धूर होतो. वाळवून, फोडून खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि खूप. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे १० किलोच्या मोळीत ५ किलो पाणी. चुलीची आच आधी त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तोवर लाकडातून ज्वालाग्राही वायू निघत असतात, पण ते पेटण्याइतकी उष्णताच चुलीत नसते. ते न जळता बाहेर पडतात, तोच धूर. म्हणजे डोळ्यांत जातं ते तुमचंच जळण.

फोडायचं कशासाठी? पाणी सालीतून फार सावकाश निघतं; ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून निघतं. अख्खा ओंडका बाहेरून वाळलेला दिसला तरी आत ओला राहतो. म्हणून ओला असतानाच मनगटाएवढ्या फोडी करा. वाळलेली बाभूळ कुऱ्हाडीला दाद देत नाही.

फोडी दोन आडव्या लाकडांवर, जमिनीपासून वर, मध्ये फटी ठेवून रचा. पावसाळ्यात फक्त वरून झाका. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी धरते. नीट वाळल्यावर ती १० किलोची मोळी साधारण सव्वासहा किलो भरते.

दोन फोडी एकमेकींवर आपटून पाहा. वाळलेल्या टणटण वाजतात, ओल्या धप्प. जळताना टोकाला फेस आला, तर अजून थांबायला हवं होतं.