एचआयव्हीच्या डीएनएला आरएनएपेक्षा जास्तीची टोकं कुठून येतात?

प्रश्न: टीवायबीएस्सीला आहे. पुस्तकात एचआयव्हीच्या डीएनएला दोन्ही टोकांना एलटीआर दाखवलेत, पण ज्या आरएनएवरून तो डीएनए बनतो त्याला पूर्ण एलटीआर एकाही टोकाला नाही. नकलेत जास्तीचा मजकूर कसा आला? आणि ओळखीतल्या एका काकांचा व्हायरल लोड चार वर्षं ‘नॉट डिटेक्टेड’ आहे, तरी डॉक्टर गोळी बंद करत नाहीत, ते का?

उत्तर: मी बरीच वर्षं रेट्रोव्हायरसवर काम केलं आहे. पहिला प्रश्न मला स्वतःला कळायला एक अख्खी दुपार गेली होती, आणि तो कळला तो कागदाच्या पट्टीवर. तुम्हीही एक पट्टी घ्या आणि त्यावर आरएनए असा लिहा:

आर – यू५ – पीबीएस – (विषाणूची जनुकं) – पीपीटी – यू३ – आर

बनायला हवा तो डीएनए असा:

यू३ – आर – यू५ – पीबीएस – (विषाणूची जनुकं) – पीपीटी – यू३ – आर – यू५

यू३, आर, यू५ मिळून होतो तो एलटीआर. म्हणजे डावीकडे एक यू३ आणि उजवीकडे एक यू५ वाढवायचा आहे. आरएनएवरून डीएनए लिहिणाऱ्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या एन्झाइमला कोऱ्या जागेवरून लिहायला सुरुवात करता येत नाही, आधीच चिकटलेलं एखादं टोक लागतं. एचआयव्ही त्यासाठी आपल्याच पेशीतला लायसिनचा टीआरएनए वापरतो. तो पीबीएसच्या १८ अक्षरांवर बसतो. गंमत अशी की ही जागा आरएनएच्या डाव्या टोकापासून जेमतेम १८० अक्षरांवर आहे आणि एन्झाइम लिहीत जातं ते डावीकडेच. त्यामुळे सुमारे ९,२०० अक्षरांच्या आरएनएतली १८० अक्षरं झाली की कागद संपतो. हातात उरतो यू५ आणि आर यांचा छोटा डीएनए तुकडा.

इथे त्याच एन्झाइमचा दुसरा भाग, आरनेज एच, कामाला येतो. ज्या आरएनएची नक्कल झाली तो आरएनए हा भाग कुरतडून टाकतो, म्हणून नव्या तुकड्यातला आर मोकळा होतो. तसाच आर आरएनएच्या उजव्या टोकालाही आहे, तेव्हा तुकडा उडी मारून तिकडे जाऊन जुळतो आणि लेखन पुढे सुरू होतं, या वेळी अख्ख्या आरएनएवर. उजवीकडचा यू५ आला तो असा, डावीकडून सोबत उचलून आणलेला.

मागोमाग आरनेज एच आरएनए खात येतो, पण पीपीटी हा प्युरिनांचा सलग पट्टा त्याला सहज तुटत नाही. उरलेल्या त्या तुकड्यापासून दुसरा धागा सुरू होतो आणि उजवीकडे यू३, आर, यू५ लिहून पुढे अजून चिकटलेल्या टीआरएनएचीही १८ अक्षरं उतरवतो. ती १८ अक्षरं म्हणजेच पीबीएस. मग टीआरएनए काढला जातो, आणि हा नवा पीबीएस दुसरी उडी मारून पहिल्या धाग्याच्या डाव्या टोकाच्या पीबीएसशी जुळतो. आता दोन्ही धागे एकमेकांवरून पूर्ण होतात आणि डावीकडचा यू३ मिळतो. पट्टी कापून, चिकटवून एकदा करून पाहाच. वाचून पटत नाही, हाताने पटतं.

एवढा खटाटोप कशासाठी? विषाणूचा प्रमोटर यू३ मध्ये आहे, आणि प्रमोटरवरून होणारं लेखन त्याच्या पुढून, आरपासून सुरू होतं. म्हणजे डावा यू३ आरएनएत कधीच उतरत नाही. सरळ नक्कल केली असती तर पहिल्याच पिढीत प्रमोटर हरवला असता. उजव्या टोकाचा यू३ डावीकडे आणण्यासाठीच या उड्या आहेत.

हा डीएनए आता कॅप्सिडच्या कवचासोबत केंद्रकात जातो. तिथे इंटिग्रेज हे विषाणूचं दुसरं एन्झाइम दोन कामं करतं. आधी दोन्ही टोकांची शेवटची दोन-दोन अक्षरं, GT, छाटून CA वर संपणारं टोक तयार ठेवतं. मग ती टोकं आपल्या गुणसूत्राच्या दोन धाग्यांवर पाच अक्षरांच्या अंतराने घुसवतं. मधल्या फटी आपल्याच पेशीची दुरुस्ती यंत्रणा भरते, आणि त्यात ती पाच अक्षरं दोनदा येतात:

```
आधी:  AAC GTCAT TTG
नंतर: AAC GTCAT TGGAAG...TAGCA GTCAT TTG
```

GTCAT ही पाच अक्षरं मी उदाहरणापुरती घेतली आहेत; प्रत्येक पेशीत ती वेगळी असतात. जागाही ठरलेली नसते, पण अगदी कुठेही असं नाही. पेशीचं एलईडीजीएफ हे प्रथिन इंटिग्रेजला चालू असलेल्या जनुकांकडे ओढतं.

सगळाच डीएनए जोडला जातो असं नाही. काही रेणूंची दोन टोकं पेशी एकमेकांना जोडून टाकते आणि दोन एलटीआर शेजारी-शेजारी असलेलं वर्तुळ तयार होतं. ते विषाणूच्या दृष्टीने बाद. पण आमच्या कामाला फार उपयोगी: दोन एलटीआरच्या सांध्यावर पीसीआर केला की नुकताच नवा डीएनए केंद्रकात पोचला होता हे कळतं. इंटिग्रेजला रोखणारं औषध दिलं की ही वर्तुळं वाढतात, कारण जोडता न आलेला डीएनए तिथेच साचतो.

आता काकांचा प्रश्न. एआरटी केंद्रात मिळणाऱ्या टीएलडी गोळीत टेनोफोव्हिर आणि लॅमिव्युडिन ही दोन औषधं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजची साखळी तोडतात आणि डोल्युटेग्रॅव्हिर इंटिग्रेजला रोखतं. तिन्ही औषधं नव्या पेशीच्या गुणसूत्रात विषाणूला शिरू देत नाहीत. पण गुणसूत्रात आधीच शिवला गेलेला विषाणू त्यांच्या हातचा नाही. व्हायरल लोडची तपासणी रक्तद्रवातला आरएनए मोजते. स्मृती सीडी४ पेशींच्या गुणसूत्रात झोपलेला हा विषाणू, म्हणजे प्रोव्हायरस, तिला दिसतच नाही.

तो आपोआप संपेल का, याचा हिशेब करू. उत्तम उपचारावर असलेल्या रुग्णांमध्ये अशा पेशींच्या साठ्याचा अर्धा होण्याचा काळ सुमारे ४४ महिने मोजला गेला आहे. साठा दहा लाख पेशींचा धरला तर एक पेशी उरायला सुमारे २० वेळा अर्धा व्हावा लागतो. २० गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने, ७३ वर्षं. शिवाय यातल्या काही पेशी स्वतःच दुणावतात, आणि प्रत्येक विभाजनात प्रोव्हायरसचीही नक्कल होते, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजची गरज न पडता. बहुतेक प्रोव्हायरस सदोष असतात हे खरं, पण एक शाबूत असला तरी पुरतो. गोळी थांबवली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो. म्हणून डॉक्टर बरोबर सांगताहेत.

काकांना एक गोष्ट जरूर विचारा: ते पित्तासाठी अँटासिड घेतात का? डोल्युटेग्रॅव्हिर इंटिग्रेजमधल्या मॅग्नेशियमच्या दोन आयनांना पकडून काम करतं. ती पकड पोटातल्या मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमलाही तशीच बसते, आणि मग औषध रक्तात नीट पोचत नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही असंच आहे, मात्र त्या जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालतं. वेळा एकदा केंद्रातल्या फार्मासिस्टकडून लिहून घ्या.