कांद्याच्या मेसेजमधला 'एक नंबर'

प्रश्न: वडील कोल्हापूर मार्केट यार्डात कांद्याचे व्यापारी आहेत. त्यांचे भावाचे मेसेज बाहेरच्या मोठ्या खरेदीदारांसाठी नीट कसे लिहू? इंग्रजीत लिहावेत का?

आधी 'एक नंबर' आणि नुसता आकडा, असे एका ओळीचे मेसेज बंद करा. आमचं नुकसान तशाच मेसेजने झालं.

आमच्या दादाने गोव्याच्या एका कँटीनवाल्याला मेसेज टाकला होता: 'कांदा एक नंबर २२०, १०० पोती, गाडी उद्या.' यार्डात २२० म्हणजे दहा किलोचा भाव, बारदानासह, जागेवर. समोरच्याने हिशेब धरला किलोला २२ रुपये, गोव्यात पोच, निव्वळ वजनावर. ९,००० रुपये गाडीभाड्यावरून भांडण झालं. वर गोणपाटाचं पोतं ७०० ग्रॅमचं, म्हणजे १०० पोत्यांत ७० किलो कांदा कमी भरला. त्याचे १,५४० रुपये वेगळे. माल चांगला होता, तरी शेवटी भाडं निम्मं-निम्मं करावं लागलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, दादा, हे लिहून दे. तो म्हणाला, "घेणाऱ्याला कळतं."

त्यानंतर मेसेज मी लिहायला लागले. तोच माल असा लिहिते:

'उन्हाळी कांदा, सुकवलेला, डबल पत्ती. आकार ४५ ते ६० मिमी. जोड, कोंब आलेले व सडके मिळून शंभर किलोत ३ किलोपर्यंत. १०० पोती, प्रत्येकी निव्वळ ५० किलो, बारदानाचं वजन वेगळं. भाव किलोला २२ रुपये, कोल्हापुरात गाडीत भरून. हमाली आमची, गाडीभाडं तुमचं. भाव आज संध्याकाळी ६ पर्यंत. तक्रार गाडी उतरल्यावर ४ तासांत, फोटो आणि वजनपावतीसह.'

यातला ३ किलोचा आकडा वडिलांना विचारून टाकू नका, ते 'काहीच नाही' म्हणतील. वेगवेगळ्या थरांतली तीन-चार पोती फोडा, वरचा, मधला, तळाचा कांदा मिळून दहा किलो घ्या आणि खराब वेगळा काढून तोला. ३०० ग्रॅम निघाला तर शंभराला ३ किलो. पोत्याच्या तोंडाशी निवडक कांदा असतो, म्हणून तळ बघायचाच. पावसाळ्यात हा आकडा दोन दिवसांत बदलतो, जुना मेसेज पुढे ढकलू नका. मिमीही मोजले असतील तरच लिहा, नाहीतर सरळ 'मध्यम' लिहून शेजारी पट्टी ठेवून फोटो द्या.

इंग्रजीचं म्हणाल तर खरेदीदार ज्या भाषेत बोलतो त्यात लिहा, आकडे मात्र तेच ठेवा. यार्डातल्या रोजच्या गिऱ्हाईकांना एवढं लांब लागत नाही, त्यांना दादाची एक ओळ पुरते, हे मलाही मान्य आहे. पण गाडी घाट उतरून जाणार असेल, तर 'जागेवर' की 'पोच' हा शब्द मेसेजमध्ये असल्याशिवाय मी पोती भरू देत नाही. दादा अजून चिडतो, पण भरण्याआधी फोन मलाच करतो.