साहित्य आढाव्याचा माइंड मॅप : सुरुवात करताना

प्रबंधासाठी साठेक पेपर वाचून झालेत आणि आता त्यांचा माइंड मॅप, म्हणजे फांद्याफांद्यांचा नकाशा, काढायचा असेल, तर त्याच्या मध्यभागी प्रबंधाचं शीर्षक लिहू नका, प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, ‘ऊस उत्पादक ठिबक का टाळतात?’ शीर्षकाला फांद्या फुटत नाहीत, प्रश्नाला फुटतात.

पहिल्या पातळीवर चार ते सहा फांद्या पुरेत: खर्च, पाणीहक्क, माहिती, देखभाल. नवखे इथे लेखकांची नावं किंवा वर्षं टाकतात. मग आढावा ‘अमुक म्हणतो, तमुक म्हणतो’ अशी यादी होऊन बसतो.

खोली तीन पातळ्यांची ठेवा. ‘खर्च’खाली ‘अनुदान’, त्याखाली ‘वापर वाढतो’ आणि ‘अनुदान संपताच थांबतो’ अशी दोन परस्परविरोधी मतं. पेपर या मतांना चिकटवायचे, तेही फक्त आडनाव आणि वर्ष लिहून. सारांश, पानक्रमांक, अवतरणं झोटेरोसारख्या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा वहीत राहू द्या. चौथी पातळी लागतेय असं वाटलं, तर बहुधा मधली फांदी फार मोठी झालीय. तिचे दोन भाग करा.

लेबल दोन ते चार शब्दांचं. पूर्ण वाक्य लिहावंसं वाटलं तर मुद्दा अजून ठरलेला नाही असं समजा.

एकच पेपर दोन फांद्यांवर आला तर बिनधास्त दोन्हीकडे लिहा. फांद्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या रेषा मात्र मोजक्याच. दहाएक झाल्या की नकाशा वाचता येत नाही.

आणि ‘इतर’ नावाची फांदी? तिथे पाचपेक्षा जास्त पेपर साचले की त्यांतून नवा विषय शोधा.

रंग, चिन्हं वगैरे सध्या राहू द्या.