‘ओटीपी सांगितलाच नाही,’ तरी खातं रिकामं

‘वकीलसाहेब, मंगळवारी नेट बंद होतं. इंटरनेट कंपनीतून बोलतोय म्हणत बाबांना फोन आला. त्यांनी AnyDesk हे ॲप घ्यायला लावलं, मग तपासणीचे म्हणून दहा रुपये कार्डाने भरायला सांगितले. ११.४० ला ४९ हजार आणि ११.५२ ला २४ हजार गेले. १२.१० ला बँकेच्या हेल्पलाइनला कळवलं, तरी १२.३१ ला आणखी १८ हजार गेले. ओटीपी कुणालाच सांगितला नाही. बँक म्हणते, चूक तुमचीच. आता काय करायचं?’
— एक वाचक, सिडको, नाशिक

ताई, बाबा खरं बोलत आहेत. ॲप उघडलं की पडद्यावर एक लांबलचक आकडा दिसतो. तो समोरच्याने वाचून घेतला आणि बाबांनी परवानगीचं बटण दाबलं, त्या क्षणापासून त्यांच्या मोबाइलचा पडदा त्यालाही दिसू लागला. दहा रुपयांसाठी टाकलेला कार्ड नंबर त्याने पाहिला आणि वर झळकलेला ओटीपीही वाचला. खरा दुरुस्तीवालाही असं ॲप वापरतो, पण तक्रार आपण केलेली असते. स्वतःहून फोन करणारा पडद्यावरचा आकडा विचारू लागला, की तिथेच फोन ठेवायचा.

आता पैशांचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून १२.३१ चे १८ हजार ठामपणे मागा. पहिल्या ७३ हजारांची लढाई अवघड आहे, खोटी आशा देत नाही. तरीही ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. त्यामुळे अर्जात ‘आमची चूक झाली’ असं लिहू नका. घडलं ते वेळेसकट लिहा: फोन कुणाच्या नावाने आला, ॲप कुणी घ्यायला लावलं, ओटीपी तोंडाने सांगितला नाही. १२.१० च्या फोनचा तक्रार क्रमांक आणि कॉल लॉगचा फोटो हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

ॲप अजून मोबाइलमध्ये असेल तर लगेच काढू नका. आधी वायफाय आणि डेटा बंद करा. दुसऱ्या मोबाइलने त्या ॲपचा पडदा, मेसेज आणि आलेला नंबर यांचे फोटो घ्या, मग ॲप काढा. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या मोबाइलवरून बदला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला नसेल तर हे वाचून होताच करा. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तर तिथेच गोठवता येतात, एकदा काढून घेतले की हाती काही लागत नाही. मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात जा. तोतयेगिरी करून फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड आणि फसवून पैसे काढून घेतल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागू होतं, तसा अर्जात उल्लेख करा.

बँकेला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. तो अर्ज बाबांच्या सहीनेच द्या, खातं त्यांचं आहे.