सूज उतरली म्हणजे घोटा तयार झाला असं नाही

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची, शाळेकडून खो-खो खेळते. नऊ दिवसांपूर्वी पाय आतल्या बाजूला मुरगळला. एक्स-रे साफ आहे, सूज उतरली, चालताना दुखत नाही. शनिवारी सामना आहे, खेळवू का?

ताई, हा सामना सोडा. ठाण्यात मुलांना खो-खो शिकवताना मी हीच चूक केली आहे. एका मुलीला बाराव्या दिवशी उतरवलं. सरळ धावली छान, पण खांबाला वळसा घालताना तोच घोटा पुन्हा मुरगळला.

आधी एक तपासा. बाहेरच्या घोट्याच्या हाडावरच बोटाने दाबा. तिथे दुखलं, तर एक्स-रे साफ असला तरी अस्थिरोगतज्ज्ञांकडे परत जा. या वयात हाडाच्या टोकाची वाढीची कूर्चा स्नायुबंधापेक्षा कच्ची असते आणि तिची इजा सुरुवातीच्या एक्स-रेत दिसेलच असं नाही.

दुसऱ्यांदा मुरगळल्यावर आम्ही घाई केली नाही. पहिले तीन दिवस क्रेप बँडेज, पाय उशीवर, फडक्यातून १५ मिनिटं बर्फ. आजी तेल लावून चोळायला बसल्या होत्या, त्यांना थांबवलं. चोळल्याने आणि शेकल्याने सुरुवातीला सूज वाढते. चौथ्या दिवसापासून सोसेल तितकं चालणं आणि पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवणं. पुढे टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल रोज थोडं मागे न्यायचं. दोन्ही पायांचं अंतर सारखं झालं, तेव्हा घोट्याचा ताठरपणा गेला असं धरलं.

बहुतेक जण पुढचाच टप्पा गाळतात. पाऊल वाकडं पडतंय ही खबर देणारी घोट्यातली जाणीव इजेनंतर मंदावते, आणि नुसत्या विश्रांतीने ती नीट परत येत नाही. तिसऱ्या आठवड्यात ही मुलगी चांगल्या पायावर ३० सेकंद उभी राहायची, दुखऱ्यावर जेमतेम आठ. मग रोज दहा मिनिटं, अनवाणी: आधी फरशीवर, मग भिंतीजवळ डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर, शेवटी तसंच उभं राहून चेंडू झेलणं. सोबत एका पायावर टाचा उचलणं. दोन्ही पाय बरोबरीला यायला दोन आठवडे लागले.

त्यानंतरच धावणं. आधी सरळ, मग मोठ्या वळणाने, मग अर्ध्या वेगाने साखळी, सगळ्यात शेवटी खांब. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजला किंवा दुखला, तर एक पायरी मागे. एका पायावर उड्या मारून ती न डगमगता थांबू लागली, तेव्हा सहाव्या आठवड्यात घोट्याला आधारपट्टा बांधून सामना खेळली.

तुमच्या मुलीला इतके दिवस लागतीलच असं नाही. आज रात्री तिला दुखऱ्या पायावर उभं करा आणि घड्याळ लावा. तोल सांभाळायचा व्यायाम मात्र मैदानावर परतल्यावरही दोन-तीन महिने सोडू नका.